‘दुकान मालासह’ म्हणजे नेमकं काय काय?

प्रश्न: आम्हा दोघा भावांच्या समझोत्याच्या मसुद्यात असं वाक्य आहे: ‘दुकान मालासह धाकट्या भावाकडे राहील व त्याबदल्यात थोरल्या भावास मालाच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम मिळेल.’ इथे ‘मालासह’ बरोबर की ‘मालासकट’? आणि ‘माल’ म्हटल्यावर उधारी त्यात येते का?

‘सह’ लिहा किंवा ‘सकट’, अर्थ बदलत नाही. ‘सकट’ बोलण्यातला, ‘सह’ कागदावरचा. मसुद्यात ‘सह’च शोभेल. खरी अडचण त्याच्या आधीच्या शब्दात आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने नेमकं तिथेच बोट ठेवलंय.

‘माल’ अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ धन, संपत्ती. ‘मालमत्ता’, ‘मालदार’ या शब्दांत तो अजून शाबूत आहे. (‘मालक’ मात्र या घरातला नाही, त्याचा अरबी धातू वेगळा.) दुकानदाराच्या तोंडी ‘माल’ म्हणजे विकायला ठेवलेल्या वस्तू, एवढंच. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ चालू आहेत. उद्या वाद झाला तर थोरला ‘मालमत्ता’ आठवून गिऱ्हाइकांकडच्या उधारीतही निम्मं मागेल आणि धाकटा फळीवरच्या वस्तूंकडे बोट दाखवेल. दोघांचंही मराठी बरोबरच असेल! माझ्या मते व्यापारी अर्थच धरावा, पण तो कागदावर उघड लिहावा: ‘विक्रीसाठीचा शिल्लक माल’. उधारीला ‘येणे’ हा स्वतंत्र शब्द आहेच, त्यासाठी कलमही स्वतंत्र करा.

‘शिल्लक’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: कोणत्या दिवशी शिल्लक? एक तारीख ठरवून दोघांसमोर मोजदाद करा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि ती यादी कराराला जोडा. पैसे भरले पण अजून वाटेत असलेला माल यादीत धरायचा का, तेही लिहा. विकला गेला नाही तर परत करण्याच्या बोलीवर आलेला माल मात्र यादीत नको. तो दुकानात असला तरी दुकानाचा नाही.

आता ‘किंमत’. मला हा शब्द ‘माल’पेक्षाही धोक्याचा वाटतो, कारण तो ऐकताना कुणालाच शंका येत नाही. समजा, मोजलेला माल खरेदीभावाने 8 लाखांचा आहे आणि विक्रीभावाने 10 लाखांचा. निम्मे म्हणजे 4 लाख की 5? विक्रीभाव धरला तर जो नफा अजून झालेलाच नाही, त्याचा अर्धा वाटा थोरल्याला आजच मिळतो, आणि तो माल विकायची मेहनत व जोखीम धाकट्याची. म्हणून खरेदीभाव जास्त न्याय्य. पण तिथेही मेख आहे. त्या 8 लाखांतला 1 लाखाचा माल पडून राहिलेला असेल आणि आज त्याचे 40 हजारच येणार असतील, तर तो 1 लाखाला धाकट्याच्या गळ्यात मारणंही बरं नाही. हिशेबनीस अशा वेळी खरेदीची किंमत आणि विकून प्रत्यक्ष हाती येईल ती रक्कम, यांतली जी कमी ती धरतात. तसं केलं तर एकूण 7 लाख 40 हजार होतात आणि थोरल्याचे 3 लाख 70 हजार. मसुद्यातला शब्द तोच ठेवून रक्कम 5 लाखांवरून इथवर घसरू शकते.

तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘धाकट्याकडे राहील’ हेही मला खटकलं. ‘-कडे राहणे’ म्हणजे ताबा. शेजाऱ्याची किल्लीही आपल्याकडे राहते, म्हणून ती आपली होत नाही. मालकी द्यायची असेल तर ‘मालकीचा होईल’ असंच हवं. शिवाय ‘दुकान’ म्हणजे गाळा, चालता धंदा की पाटीवरचं नाव? तिन्ही वेगवेगळी लिहा. गाळ्याच्या हक्काचा दस्त कसा करायचा, हे मात्र वकिलालाच विचारा.

मी वाक्य असं फोडलं असतं:

‘सोबतच्या यादीतील शिल्लक माल या कराराच्या तारखेपासून धाकट्या भावाच्या एकट्याच्या मालकीचा होईल. यादीतील प्रत्येक वस्तूची खरेदी किंमत किंवा ती विकून प्रत्यक्ष मिळू शकणारी रक्कम, यांपैकी जी कमी ती तिची किंमत धरली आहे. अशा एकूण किमतीची निम्मी रक्कम धाकटा भाऊ थोरल्या भावास देईल. दुकानाचे येणे या मालात धरलेले नाही.’

येण्यासारखंच दुकानाचं ‘देणे’ही कागदावर हवं, पण त्यासाठी ‘दुकानाचे देणे धाकटा भाऊ फेडील’ एवढंच लिहून पुरत नाही. दोघांनी मिळून घेतलेल्या मालाचे पैसे राहिले असतील, तर तुमच्या आपसातल्या कागदाने पुरवठादार बांधला जात नाही, तो थोरल्याच्या दारातही उभा राहू शकतो. म्हणून पुढे जोडा: ‘या देण्यापोटी थोरल्या भावास काही भरावे लागल्यास धाकटा भाऊ ती रक्कम त्यास भरून देईल.’