कणकवलीच्या पाटीपासून सुरुवात करा

देवनागरी ज्या प्रकारची लिपी आहे, ती अबुगिडा समजून घ्यायचीय ना? मग व्याख्या राहू द्या, स्टेशनवरची ‘कणकवली’ ही पाटी वाचा. पहिल्या चारही अक्षरांत ‘अ’ आधीच मुरलेला आहे. ‘ली’मधली वेलांटी ‘ल’मधल्या ‘अ’ची जागा घेते, त्यात भर घालत नाही. नवशिके हमखास इथेच चुकतात.

आता मोठ्याने म्हणा: कण्कव्ली. ‘ण’ आणि ‘व’मधला ‘अ’ बोलताना गळतो, लिहिताना राहतो. म्हणून त्यांचे पाय मोडू नका! रोमन वर्णमालेत स्वराला स्वतंत्र अक्षर लागतं, त्यामुळे तिथे हे गळालेले ‘अ’ वगळता येतात.

जपानी लिपी काना याहून वेगळी. तिथे ‘का’ आणि ‘की’च्या चिन्हांत सामाईक असं काही नाही, आपल्याकडे दोन्हींत ‘क’ दिसतो.

जोडाक्षरं, रफार नंतर. वेंगुर्ल्याची पाटी तूर्त सोडा, देवगड वाचा.