किमान रक्कम भरत राहिलं तर व्याज नेमकं किती पडतं?

प्रश्न: 20 जूनला कार्डावर 60,000 रुपयांची खरेदी केली. बिल दर महिन्याच्या 15 तारखेला बनतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 4. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरमध्ये फक्त किमान रक्कम भरली आणि 4 नोव्हेंबरला उरलेलं सगळं बिल चुकतं केलं. व्याज महिना 3.5 टक्के, म्हणून तीन महिन्यांचे 6,300 होतील असं धरलं होतं. प्रत्यक्षात बरंच जास्त गेलं, आणि सगळं भरल्यावरही पुढच्या बिलात व्याज आलं. हिशोब कसा लागतो?

उत्तर: 6,300 हा आकडा महिने मोजून आला आहे. कार्डाचं व्याज दिवस मोजून लागतं, आणि ते दिवस बिलाच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून धरतात. पूर्ण बिल वेळेत भरलं तरच बिनव्याजी मुदत मिळते. थोडी जरी बाकी ठेवली तर ती सवलत मागच्या तारखेपासून रद्द होते. 15 जुलैच्या बिलात व्याज शून्य दिसलं, कारण तेव्हा तुम्ही पूर्ण भरणार की नाही हे ठरलेलं नव्हतं. ते व्याज माफ झालेलं नव्हतं.

महिना 3.5 म्हणजे वर्षाला 42 टक्के. सूत्र एकच: बाकी गुणिले ती बाकी जितके दिवस होती तितके दिवस, गुणिले 42, भागिले 36,500. बाकी बदलली की नवीन ओळ. पैसे जमा झाले त्या दिवसापासून कमी झालेली बाकी धरायची.

आता पहिलं व्याज जरा जवळून बघू, कारण सगळ्यात मोठा धक्का तिथेच बसतो. 15 जुलैच्या बिलाची किमान रक्कम 5 टक्क्यांनी 3,000, ती 4 ऑगस्टला भरली. म्हणजे 20 जून ते 3 ऑगस्ट असे 45 दिवस 60,000 बाकी, आणि 4 ते 15 ऑगस्ट असे 12 दिवस 57,000. पहिल्याचा गुणाकार 27,00,000, दुसऱ्याचा 6,84,000, बेरीज 33,84,000. त्याला 42 ने गुणून 36,500 ने भागलं की 3,894 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 701. एकूण 4,595.

म्हणजे 3,000 भरूनही 15 ऑगस्टचं बिल 61,595 आलं असणार. भरलं त्यापेक्षा जास्त चढलं. हे बिल पाहून बहुतेकांना बँकेची चूक वाटते. चूक नसते, 57 दिवसांचं व्याज एकाच बिलात पडलेलं असतं.

पुढच्या बिलांत किमान रक्कम मुद्दलाच्या 5 टक्के अधिक व्याज अधिक कर अशी धरली आहे. तुमच्या बँकेची रीत वेगळी असेल तर आकडा बदलेल, पद्धत तीच राहील. 57,000 चे 5 टक्के 2,850, त्यात 4,595 मिळवले की 7,445. ते 4 सप्टेंबरला भरले, तर मुद्दल फक्त 2,850 नेच उतरून 54,150 वर आलं. बाकीचे पैसे व्याज आणि करात गेले.

सप्टेंबरच्या बिलात 57,000 चे 19 दिवस आणि 54,150 चे 12 दिवस. व्याज 1,994, कर 359, मिळून 2,353. त्यावर किमान रक्कम 5,060, मुद्दल 51,442. ऑक्टोबरच्या बिलात 54,150 चे 18 आणि 51,442 चे 12 दिवस, व्याज 1,832 आणि कर 330. बिल 53,604, आणि हेच तुम्ही 4 नोव्हेंबरला चुकतं केलंत.

मग नोव्हेंबरात परत व्याज कसलं? ऑक्टोबरचं बिल 15 तारखेपर्यंतचं होतं. 16 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर असे 19 दिवस 51,442 बाकी होतीच, आणि त्यांचं व्याज कुठल्याच बिलात आलं नव्हतं. ते 1,125, कर 202, असे 1,327 रुपये 15 नोव्हेंबरच्या बिलात येतात. हे शेपूट लक्षात न आल्याने लोकांचं ते बिल भरायचं राहून जातं, आणि मग त्यावर विलंब शुल्क लागतं. तेही पूर्ण भरा.

सगळं मिळून व्याज सुमारे 8,844 आणि कर 1,592, म्हणजे 60,000 च्या खरेदीवर 10,436 रुपये. ताळा घ्यायचा असेल तर सोपी युक्ती आहे: सगळ्या ओळींतल्या बाकी गुणिले दिवस या गुणाकारांची बेरीज करा, त्याला 49.56 ने गुणा आणि 36,500 ने भागा. 42 वर 18 टक्के कर चढवला की 49.56 होतात. तुम्ही खरा दर हाच भरला आहे, 42 नव्हे.

हेच शीटमध्ये करायचं असेल तर A मध्ये तारीख, B मध्ये त्या तारखेपासूनची बाकी. दुसऱ्या ओळीत 20 जून आणि 60,000, तिसरीत 4 ऑगस्ट आणि 57,000, चौथीत 16 ऑगस्ट आणि पुन्हा 57,000. चौथ्या ओळीची बाकी 15 ऑगस्टच्या बिलात मोजायची नाही, ती तारीख फक्त दिवस काढायला लागते. C2 मध्ये पहिलं सूत्र टाकून C3 पर्यंत ओढा, दुसरं कुठल्याही मोकळ्या चौकोनात:

```
=A3-A2
=SUMPRODUCT(B2:B3,C2:C3)*42/36500
```

उत्तर 3,893.92 आलं पाहिजे. 3,960 च्या आसपास आलं तर शेवटची तारीख 16 ऐवजी 17 पडली नाही ना ते बघा, एका दिवसाचे साधारण 66 रुपये होतात. दिवस मोजण्यात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बँकेचा आकडा तुमच्यापेक्षा थोडा जास्त दिसला तर बहुधा मागचं न भरलेलं व्याजही मुद्दलात धरलेलं असतं. सप्टेंबरच्या बिलात 3,894 वर 19 दिवसांचं व्याज धरलं तर 85 रुपये वाढतात. फरक तेवढाच असेल तर कारण हेच. शेकडोंनी असेल तर आधी नवीन खरेदी तपासा. बाकी शिल्लक असताना केलेल्या प्रत्येक खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, किराणा असो की रिचार्ज. तिची वेगळी ओळ शीटमध्ये हवी.

आणि पैसे पाठवल्याची नाही, कार्ड खात्यात जमा झाल्याची तारीख लिहा. पुढे कधी अशी वेळ आली तर शेवटच्या तारखेची वाट बघू नका. तेच 3,000 रुपये 4 ऑगस्टऐवजी 20 जुलैला भरले असते तर 15 दिवसांचे 52 रुपये व्याज आणि त्यावरचा कर वाचला असता. रक्कम मोठी असेल तर फरकही त्याच प्रमाणात मोठा.