‘काही नाही हो डॉक्टर, जरा…’

प्रश्न : आईला नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांना दाखवायला नेते. डॉक्टर ‘काय म्हणता काकू?’ विचारतात, आई ‘काही नाही जी, बरं आहे’ म्हणते आणि मग उन्हाच्या गप्पा सुरू होतात. गुडघ्याचं निघेपर्यंत पुढचा पेशंट दारात. नमस्कारानंतर काय म्हणावं?

‘काय म्हणता?’ हा नागपुरात रामराम आहे आणि दवाखान्यात तपासणीचा पहिला प्रश्नही. काकू रामरामाला उत्तर देतात, डॉक्टर तक्रारीची वाट पाहतात. डॉक्टरांना उलट ‘तुम्ही कसे आहात?’ विचारायची मराठीत मुळीच सक्ती नाही. ‘नमस्कार डॉक्टर’ (किंवा ‘नमस्कार मॅडम’) एवढ्यात मान राखला जातो. त्याच दमात तक्रार सांगितली तर उद्धटपणा वाटत नाही.

खरी अडचण ‘काही नाही’ची. आपण नाजूक बोलण्याची सुरुवात याच शब्दांनी करतो : ‘काही नाही, जरा पैसे हवे होते.’ शेजारणीला त्यातला नकार ऐकू येत नाही. पण घाईतल्या डॉक्टरांपुढे ‘काही नाही, जरासं, थोडंसं’ अशी रांग लागली की दुखणंही तेवढंच वाटतं. हे तिन्ही गाळा. ‘गॅस झाला’ हेही नको. तो आपण लावलेला निष्कर्ष आहे. ‘छातीत दाबल्यासारखं होतं’ ही तक्रार.

पहिल्या वाक्यात तीन गोष्टी याव्यात : कुठे, कधीपासून, काय करताना. डॉक्टर केसपेपरवर मुख्य तक्रार लिहितात ती मुदतीसह, ‘ताप, ३ दिवस’ अशी. म्हणून ‘लय दिवसांपासून’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘लय म्हणजे किती?’ आईंचं वाक्य असं बसेल :

‘नमस्कार डॉक्टर. उजवा गुडघा दुखून राहिला, दोन आठवडे झाले. जिना उतरताना जास्त, बसलं की थांबतो.’

शेवटचा तुकडा मी मुद्दाम जोडला. आपलं ‘दुखून राहिला’ आत्ता, या क्षणी दुखण्यालाही चालतं आणि अधूनमधून दुखण्यालाही. प्रमाण मराठीत ‘दुखतोय’ आणि ‘दुखतो’ असा फरक करता येतो. बोली बदलायची गरज नाही, फक्त कधी थांबतं ते सांगायचं.

दुसरी तक्रार असेल तर तीही आधीच मोजून सांगावी : ‘आज दोन गोष्टी आहेत, गुडघा आणि रात्री पायाला येणाऱ्या मुंग्या.’ नाहीतर ती चप्पल घालताना आठवते, ‘आणि हो डॉक्टर…’. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांच्या १९८४ च्या अभ्यासात डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत अडवताना दिसले होते. वरचं वाक्य मोठ्यानं म्हणून पाहा, आरामात दहा सेकंदांत होतं.

उन्हाच्या गप्पा डॉक्टर चिठ्ठी लिहीत असताना होऊ द्या. तेव्हा त्यांनाही त्या गोड लागतात.