उष्मागतिकीचे एकपानी टिपण: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : शून्यावा नियम टिपणात घ्यायचा का?

होय, एका ओळीत. तापमान ही राशी त्याच्याच आधारावर ठरते.

प्रश्न : भौतिकशास्त्रात ΔU = Q − W आहे, रसायनशास्त्रात ΔU = Q + W. मित्र म्हणतो, एक छपाईची चूक आहे. कोणते लिहू?

चूक कोणत्याही पुस्तकाची नाही, आणि अशा ऐकीव माहितीवर विसंबून एक सूत्र खोडून टाकणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. दोन्हीकडे Q म्हणजे प्रणालीला मिळालेली उष्णता. फरक फक्त W च्या अर्थात आहे. भौतिकशास्त्रात W म्हणजे प्रणालीने केलेले कार्य, रसायनशास्त्रात प्रणालीवर झालेले कार्य. म्हणून टिपणात सूत्राच्या आधी W चा अर्थ पूर्ण वाक्यात लिहावा, आणि खाली एकच उदाहरण दोन्ही पद्धतींनी सोडवावे.

समजा, वायूला ५०० ज्यूल उष्णता दिली आणि तो २ बार या स्थिर बाह्य दाबाविरुद्ध १ लिटरवरून २ लिटरपर्यंत प्रसरण पावला. दाब गुणिले आकारमानातील बदल म्हणजे २ लिटर-बार. एक लिटर-बार म्हणजे १०० ज्यूल, म्हणून वायूने केलेले कार्य २०० ज्यूल. हे रूपांतर न करता ५०० मधून सरळ २ वजा करणारेही पुष्कळ असतात. एककाची ओळ उदाहरणातच हवी, ती यासाठी. आता पहिल्या सूत्राने ΔU = ५०० − २०० = ३०० ज्यूल. दुसऱ्यात W = −२००, म्हणून ΔU = ५०० + (−२००) = ३०० ज्यूल. उत्तर एकच.

घोळ होतो तो पहिल्या सूत्रात दुसऱ्याचे −२०० घातल्यावर: उत्तर ७०० येते, म्हणजे कार्याच्या बरोबर दुप्पट चूक. ती ओळखणे सोपे आहे. ५०० ज्यूल घेऊन वर कार्यही करणाऱ्या वायूची अंतर्गत ऊर्जा ५०० पेक्षा जास्त वाढूच शकत नाही. आपल्या परीक्षेत कोणता संकेत अपेक्षित आहे, हे मात्र त्या विषयाच्या शिक्षकांनाच विचारावे.

प्रश्न : तापमान सेल्सियसमध्ये ठेवले तर चालते का?

तापमानातील फरकासाठी चालते, गुणोत्तरासाठी नाही. दुसऱ्या नियमाचे उदाहरण म्हणून १२७ आणि २७ अंश सेल्सियस तापमानांदरम्यान चालणारे कार्नो इंजिन घ्यावे: केल्विनमध्ये ४०० आणि ३००, म्हणून कार्यक्षमता १ − ३००/४००, म्हणजे २५ टक्के. सेल्सियसचेच आकडे घातले तर ती जवळजवळ ७९ टक्के येते.

प्रश्न : परीक्षेला आठवडा राहिला आहे. दुकानातले लॅमिनेट केलेले सूत्रपत्रक घेऊ का?

मी पाहिलेल्या बहुतेक विकतच्या पत्रकांत दोन्ही विषयांची सूत्रे एकाच चौकटीत कोंबलेली होती आणि W चा अर्थ कुठेच दिलेला नव्हता. त्यावर पैसे घालवू नयेत. आज संध्याकाळीच स्वतःचे टिपण लिहावे, आणि प्रत्येक उदाहरणातील चिन्हे उद्या शिक्षकांकडून तपासून घ्यावीत.