तुझ्या पत्रात तारीख नाही

प्रिय,

विद्यापीठाकडे फी हप्त्यांत भरू देण्याची विनंती करणाऱ्या पत्राचा तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. घरावर आलेली अडचण तू खरी आणि नीट लिहिली आहेस. तरी हे पत्र असंच पाठवू नकोस. दीड पानात घरच्या धंद्याची पडझड आहे, दवाखान्याचा खर्च आहे, आणि शेवटी एक ओळ: 'उरलेली फी मी शक्य तितक्या लवकर भरेन.' फी विभागातला माणूस नेमकी हीच ओळ शोधत असतो, आणि तिच्यात ना रक्कम आहे ना तारीख.

मीही परदेशात शिकत होते तेव्हा असंच पत्र लिहिलं होतं. आठ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: किती रक्कम, कोणत्या तारखेला? त्या आठ दिवसांत फीची मुदत उलटली, माझ्या विद्यार्थी खात्यावर होल्ड, म्हणजे रोख, लागला आणि विलंब शुल्क चढलं. तेव्हा मला त्या कार्यालयाचा राग आला होता. पुढे दोन वर्षं एका विद्यापीठाच्या फी विभागात अर्धवेळ काम केलं, तेव्हा कळलं की तिथे कुणी तुझी लायकी तोलत बसलेलं नसतं. त्यांच्यासमोर तुझ्या नावावरची बाकी असते आणि ती कोणत्या दिवशी शून्य होईल एवढं त्यांना नोंदवायचं असतं. तुझ्या पत्रावरून ती नोंद करता आली तर काम लवकर होतं. नाही करता आली तर पत्र वरच्या साहेबांकडे जातं आणि तिथे पडून राहतं.

पत्र लिहिण्याआधी एक गोष्ट बघ. बऱ्याच विद्यापीठांची ठरलेली हप्ता योजना असते आणि ती विद्यार्थी पोर्टलवर फी भरण्याच्या पानावरच सापडते. तुझ्या तारखा तिच्यात बसत असतील तर पत्राची गरजच नाही, अर्ज भर आणि मोकळं हो. तू पाठवलेल्या कागदांवरून मात्र तुझ्या तारखा बसणार नाहीत असं दिसतं. तुझी खरी गाठ दुसरीकडेच आहे, आणि मसुद्यात तिचा उल्लेखही नाही.

बँकेच्या मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय: नोंदणीचं प्रमाणपत्र मिळाल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत कर्जाचा पुढचा टप्पा सोडला जाईल. विद्यापीठ म्हणतं, फी भरल्याशिवाय नोंदणी पक्की होणार नाही. म्हणजे बँक प्रमाणपत्रासाठी थांबलीय आणि विद्यापीठ बँकेच्या पैशांसाठी. ही गाठ तू उलगडून सांगितली नाहीस तर ती कुणाच्या लक्षात येणार नाही. नुसते हप्ते मंजूर झाले, पण नोंदणी शेवटच्या हप्त्यापर्यंत लटकली, तर तुझा दुसरा हप्ता येणारच नाही. म्हणून मागणी दोन भागांत हवी: बाकी तीन हप्त्यांत घ्यावी, आणि पहिला हप्ता जमा होताच नोंदणी पक्की करून प्रमाणपत्र द्यावं. हा दुसरा भाग अनेक जण विसरतात.

आता तारखा. सत्राची फी ९,६००, प्रवेशाच्या वेळी भरलेले १,६०० वजा जाता बाकी ८,०००, मुदत १० सप्टेंबर. घरच्यांकडे आज २,५०० तयार आहेत. कर्जाच्या टप्प्यातून ४,००० येतील. घरची मुदत ठेव २० नोव्हेंबरला पुरी होते, तिच्यातून १,५०० येतील. बेरीज ८,००० बरोबर जुळते.

दुसऱ्या हप्त्यासाठी तू माझ्याशी बोलताना ७ ऑक्टोबर ही तारीख सांगितली होतीस. ती बँक पैसे सोडेल त्या दिवसाची तारीख आहे. विद्यापीठ मात्र पैसे स्वतःच्या खात्यात पोचले तो दिवस धरतं. प्रमाणपत्र १६ सप्टेंबरला बँकेत गेलं तर १५ कामकाजाचे दिवस म्हणजे तीन आठवडे, ७ ऑक्टोबर. पैसे देशाबाहेर पोचायला आणखी पाच कामकाजाचे दिवस धर, १४ ऑक्टोबर. मध्ये सुट्टी येऊ शकते, बँक एखादी सही पुन्हा मागू शकते. म्हणून २५ ऑक्टोबर लिही. दिलेली तारीख चुकली की बोलणी शून्यावर येतात. बहुतेक हप्ता करारांत असं कलम असतं की एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम त्याच दिवशी देय होते. करार आला की सही करण्याआधी ते कलम शोधून वाच.

तिसरा हप्ता ५ डिसेंबर. पुढच्या सत्राची नोंदणी त्यानंतर उघडते, हे वेळापत्रकात तपासून घे. बाकी एका सत्रातून दुसऱ्यात ढकलायला फी विभाग सहसा तयार होत नाही. तुझी शेवटची तारीख नोंदणीच्या अलीकडे दिसली की त्यांची अर्धी काळजी मिटते. आणि मसुद्यात 'अर्धवेळ नोकरी लागल्यावर' असं जे आहे ते काढून टाक. न लागलेल्या नोकरीवर हप्ता बांधू नये. व्हिसावर कामाच्या तासांची मर्यादा असेल तर हे वाक्य उलट शंका निर्माण करतं.

आणखी एक वाक्य मला खटकलं: 'माझ्याकडे फीसाठी पैसे नाहीत.' व्हिसाच्या वेळी पुरेसे पैसे असल्याचे कागद तू दिले होतेस. ते खोटे नव्हते. पैसे आहेत, फक्त ते तीन वेगवेगळ्या दिवशी हाती येणार आहेत. जे खरं आहे ते तसंच लिही. उद्या पैसे खरोखरच बुडाले तर ते प्रकरण वेगळं. तेव्हा फी विभागाला लिहिण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या सल्लागाराला भेट, कारण अनेक देशांत नोंदणी रद्द झाली की विद्यापीठाला ते इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं. आताच्या पत्राचीही एक प्रत त्या सल्लागाराला पाठव.

पत्र साधारण असं असावं. विद्यापीठाच्या भाषेत लिहिताना शब्द बदलतील, क्रम बदलू नकोस. विषयात विद्यार्थी क्रमांक, सत्र आणि 'फी हप्त्यांत भरण्याची विनंती' एवढंच.

'महोदय/महोदया, माझ्या या सत्राच्या फीची बाकी ८,००० असून मुदत १० सप्टेंबर आहे. ही रक्कम पुढील तारखांपर्यंत आपल्या खात्यात जमा होईल अशा तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी: १० सप्टेंबरपर्यंत २,५००, २५ ऑक्टोबरपर्यंत ४,०००, ५ डिसेंबरपर्यंत १,५००. पहिला हप्ता कुटुंबाच्या बचतीतून, दुसरा मंजूर शैक्षणिक कर्जातून आणि तिसरा २० नोव्हेंबरला पुऱ्या होणाऱ्या मुदत ठेवीतून येईल.

माझी बँक नोंदणीचं प्रमाणपत्र मिळाल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत कर्जाची रक्कम सोडते. म्हणून पहिला हप्ता जमा झाल्यावर माझी नोंदणी पक्की करून प्रमाणपत्र द्यावं, आणि हप्ते वेळेवर येत असेपर्यंत खात्यावर होल्ड किंवा विलंब शुल्क लावू नये, ही विनंती. घरातल्या आजारपणामुळे या वर्षी कुटुंबाची बचत कमी झाली आहे, त्यामुळे संपूर्ण रक्कम एकदम भरता येत नाही. कर्जाचं मंजुरीपत्र आणि ठेवीची पावती जोडली आहे. ३ सप्टेंबरपर्यंत उत्तर मिळाल्यास पहिला हप्ता वेळेत पाठवता येईल.'

आजारपण एका वाक्यात आलं आहे. तुला ते कोरडं वाटेल, हे मला ठाऊक आहे. वडिलांचा आजार एका वाक्यात मावत नाही. पण सविस्तर हकिगत कुणी मागितली तर ती कागदपत्रांसह सांगायची जागा पुढे आहे. मंजुरीपत्राची अकराच्या अकरा पानं पाठवायला हरकत नाही, फक्त '१५ कामकाजाचे दिवस' ही ओळ दुसऱ्या पानावर आहे हे पत्रात सांग. विद्यापीठाने दिलेल्या मेलवरूनच पाठव. बाहेरच्या पत्त्यावरून आलेल्या मेलला फीचा तपशील सहसा देत नाहीत.

मंजुरी आल्यावर एका गोष्टीत मी स्वतः पोळले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझा शेवटचा हप्ता घरून पूर्ण निघाला आणि विद्यापीठात २२ कमी पोचला. मधल्या बँकेने आपलं शुल्क त्यातूनच कापून घेतलं होतं. प्रणालीच्या लेखी हप्ता अपुरा, म्हणजे थकलेला. खात्यावर आपोआप होल्ड लागला आणि निकालाच्या दिवशी माझ्या पडद्यावर गुणांच्या जागी फक्त बाकीची सूचना होती. परदेशी रक्कम पाठवताना अर्जात शुल्काचे पर्याय असतात. `BEN` निवडलं तर सगळं शुल्क पाठवलेल्या रकमेतून जातं, `SHA` मध्ये मधल्या आणि समोरच्या बँकेचं जातं, आणि `OUR` मध्ये सगळं पाठवणारा भरतो. घरच्यांना `OUR` निवडायला सांग. तरीही कधीकधी थोडं कापलं जातं, म्हणून वर थोडी रक्कम जास्त पाठवायची. उरलं तर ते पुढच्या हप्त्यात जमा धरलं जाईल का, हे आधी विचारून ठेव. पाठवल्याच्या तपशिलात विद्यार्थी क्रमांक हवाच, नाहीतर पैसे पोचतात आणि कुणाचे ते कळत नाही. बँकेकडून स्विफ्ट संदेशाची, म्हणजे परदेशी रक्कम पाठवल्याच्या बँकेच्या नोंदीची, प्रत घे. तिच्यावर `UETR` नावाचा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो, त्यावरून बँकेला रक्कम वाटेत कुठे अडकली ते शोधता येतं.

कर्ज तुमच्या चलनात मंजूर झालंय, फी तिकडच्या चलनात आहे. दर चार टक्क्यांनी चढला तर त्याच कर्जाचे ४,००० ऐवजी साधारण ३,८४६ होतील. १५४ ची ही फट घरच्यांनी बाजूला काढून ठेवायला हवी, आणि ते त्यांना आत्ताच सांग, ऑक्टोबरमध्ये नको.

बँकेला आज फोन करून एवढंच विचार: प्रमाणपत्राची स्कॅन प्रत चालेल की मूळ कागद लागेल? मूळ लागणार असेल तर टपालाचे दिवस धरून २५ ऑक्टोबर पुढे सरकवावी लागेल, आणि मग पत्रातला आकडाही बदलेल. उत्तर मिळालं की नवा मसुदा मला पाठव, मी त्याच दिवशी वाचून देते.

तुझी,
ताई