नोटिशीतला 'सध्या' हा शब्द काढून टाका

प्रश्न: 'आमच्या महापेच्या कंपनीत दोन विभाग एकत्र होणार आहेत, काही जणांच्या नोकऱ्याही जातील. सगळ्यांसाठी नोटीस मला लिहायची आहे. खरं, थोडक्यात आणि अफवा न वाढवता कसं लिहू?'

मी नवी मुंबईत बरीच वर्षं एचआरमध्ये आहे. माझी पहिली अशी नोटीस साफ चुकली होती, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. तिच्यात वाक्य होतं, 'सध्या कोणालाही कमी करण्याचा विचार नाही. पुढील माहिती लवकरच कळवण्यात येईल.' दुपारच्या जेवणापर्यंत त्या कागदाचा फोटो सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला होता, आणि कोणीतरी 'सध्या' या शब्दाभोवती लाल गोल काढला होता. संध्याकाळी माझ्या केबिनबाहेर रांग लागली. त्या लोकांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही मोकळी जागा सोडली होती, ती त्यांनी भीतीने भरली.

पुढच्या वेळी ठाण्यातल्या वागळे इस्टेटचं गोदाम बंद करून काम नवी मुंबईतल्या रबाळ्याला न्यायचं होतं. तेव्हा मंगळवार, 3 जूनला लावलेली नोटीस अशी होती:

'वागळे इस्टेटचे गोदाम 31 जुलैला बंद होईल. जागेचा भाडेकरार संपत आहे आणि मालक तो वाढवून देणार नाहीत. 1 ऑगस्टपासून हे काम रबाळ्याच्या गोदामातून चालेल.
येथील 44 जणांपैकी 38 जण त्याच पदावर, त्याच पगारावर रबाळ्यात काम करतील. 6 पदे राहणार नाहीत. त्या सहाही जणांशी आम्ही आज सकाळी समक्ष बोललो आहोत. विक्री आणि हिशेब विभागांत या निर्णयामुळे बदल नाही.
रबाळ्यातील शिफ्टच्या वेळा आणि बसची सोय अजून ठरलेली नाही. त्याबद्दल शुक्रवार, 20 जूनला याच फलकावर लिहू.
काही विचारायचे असल्यास रोज दुपारी 3 ते 4 या वेळेत एचआर केबिनमध्ये या.'

एवढंच. खाली मॅनेजरसाहेबांची सही आणि तारीख.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 'आज सकाळी समक्ष बोललो आहोत' हे आहे, आणि ते खरं असल्याशिवाय लिहू नका. नावं न लिहिता '6 पदे' म्हटलं तरी चव्वेचाळीस जणांच्या गोदामात कोण ते तासाभरात कळतं. म्हणून सकाळी साडेनऊपासून एकेकाला बसवून सांगितलं. त्यांचा शेवटचा दिवस आणि हातात पडणारी रक्कम कागदावर लिहून दिली. दीड वाजता सुपरवायझरना सांगितलं, कारण लोक पहिल्यांदा त्यांनाच विचारतात आणि 'मलाही माहीत नाही' हे त्यांचं उत्तर अफवेला पुरतं. अडीच वाजता, शिफ्ट बदलताना दोन्ही पाळ्या हजर होत्या, तेव्हा नोटीस मराठीत वाचून दाखवली आणि मगच फलकावर लावली. शुक्रवारी संध्याकाळी लावू नका. दोन दिवस प्रश्न विचारायला कोणी सापडत नाही.

कारण लिहिताना लोकांना पडताळता येईल असं एकच लिहा. भाडेकराराचं गोदामात सगळ्यांनाच माहीत होतं. 'व्यवसायाच्या बदलत्या गरजा' लिहिलं असतं, तर खरं कारण लपवलंय असंच वाटलं असतं. आणि 'यापुढे कोणाचीही नोकरी जाणार नाही' असं वचन वरून कितीही आग्रह झाला तरी लिहू नका. म्हणूनच 'या निर्णयामुळे बदल नाही' एवढंच लिहिलं. तेवढं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत होतो.

ही नोटीस कायदेशीर नोटिशीची जागा घेत नाही. कामगारांच्या शिफ्टची पद्धत बदलायची तर साधारणपणे 21 दिवस आधी वेगळी नोटीस द्यावी लागते. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करताना साधारणपणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षासाठी 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. ते कागद कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून करून घ्या, फक्त दोन्हीकडच्या तारखा जुळू द्या. 20 जून आम्ही याच हिशेबाने निवडली. शिफ्ट तेव्हा जाहीर झाल्या तर 1 ऑगस्टच्या आत 21 दिवस आरामात बसत होते.

आता बसचं सांगतो. नोटीस लागल्यावर पहिला प्रश्न नोकरीचा नव्हता. पॅकिंगच्या एका ताईंनी विचारलं, 'रात्री दहाला सुटल्यावर रबाळ्याहून ठाण्याला यायचं कसं?' 20 जूनपर्यंत शिफ्ट ठरल्या, बसवाल्याशी दर मात्र जमला नव्हता. तरी त्या दिवशी कागद लावलाच: 'शिफ्टच्या वेळा खाली दिल्या आहेत. बसचे अजून ठरलेले नाही, 27 जूनला सांगू.' त्या दिवशी केबिनमध्ये दोघंच आले, आणि दोघांनीही शिफ्टबद्दलच विचारलं.