भिजवलेले प्रून, मनुका आणि फेकून दिलेले पाणी

«लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पोट साफ होत नाही. रोज रात्री दहा-बारा मनुका भिजवून सकाळी खाते, पण फरक नाही. अंजीर किंवा प्रून घेऊन काही निराळे होईल का?»

नेमक्या याच गोळ्यांपायी मी चार महिने हैराण होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. हा अनुभव आणि त्यानंतर केलेले वाचन आहे.

एका दवाखान्यात मला छापील कागद मिळाला होता, त्यावर «भिजवलेला सुकामेवा खावा» एवढेच होते. कोणता, किती, हे विचारल्यावर «कुठलाही चालतो» असे उत्तर मिळाले, आणि त्या एका वाक्याने माझे सर्वाधिक नुकसान केले, कारण कुठलाही चालत नाही. प्रूनमध्ये सॉर्बिटॉल ही साखरेच्या जातीची अल्कोहोल शंभर ग्रॅममागे सुमारे 15 ग्रॅम असते. लहान आतडे ती पुरती शोषत नाही, त्यामुळे ती पुढे सरकताना पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ राहतो. उरलेली मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, आणि गॅस होतो तो त्यातूनच. मनुका आणि अंजिरात सॉर्बिटॉल अगदीच थोडे असते. त्यांचा उपयोग होतो तो मुख्यतः तंतूमुळे, आणि तो तुलनेने सौम्य असतो. त्यामुळे तुमच्या दहा-बारा मनुकांनी काही झाले नाही, यात नवल नाही.

माझी खरी चूक याच्यापुढची. प्रून आणले, पण बदामाच्या सवयीने भिजवलेले पाणी रोज मोरीत ओतत राहिले. सॉर्बिटॉल पाण्यात सहज विरघळते, म्हणजे त्याचा काही भाग मी स्वतःच फेकत होते. गुण येईना म्हणून एका सकाळी बारा-तेरा प्रून खाल्ले, आणि दुपारी ऑफिसात पोट फुगून, कळा येऊन बसवेनासे झाले.

आता मी आधी धुऊन, पाच प्रून (साधारण 40 ते 45 ग्रॅम, म्हणजे सहाएक ग्रॅम सॉर्बिटॉल) अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवते आणि सकाळी पाण्यासकट घेते. सुरुवात दोन-तीनांनी करावी व चार दिवसांनी एकेक वाढवावा, कारण परिणाम त्याच दिवशी दिसतोच असे नाही. उन्हाळ्यात वाटी फ्रिजमध्ये ठेवा. पाण्याला फेस किंवा आंबूस वास आला, तर ते टाकून द्या. अंजीर खाणारच असाल, तर फोडून पाहा, आत अळी असू शकते.

आतडे चिडखोर असणाऱ्यांना सॉर्बिटॉल त्रासदायक ठरू शकते, मधुमेहात साखर मोजावी लागते आणि मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे. मळात रक्त किंवा सततची पोटदुखी असेल, तर भिजवत बसू नका. शिवाय गोळी बदलून देता येईल का, हेही विचारा. माझी बदलल्यावर तीन प्रून पुरू लागले.